लिंकवरचं कार्ड कोण लिहितं?

व्हॉट्सअॅपवर लिंक पेस्ट केल्याकेल्या पाठवण्याचं बटण दाबलं, तर पलीकडच्याला बऱ्याचदा नुसता निळा पत्ता मिळतो. तीच लिंक पेस्ट करून क्षणभर थांबलात, तर लिहिण्याच्या चौकटीच्या डोक्यावर एक कार्ड उगवतं. त्यात एक चित्र असतं, ठळक मथळा असतो, खाली एकदोन ओळी आणि बारीक अक्षरांत संकेतस्थळाचं नाव असतं. मग पाठवा, कार्डासकट जातं. लिंक एकच आणि फोनही एकच, मग फरक पडतो तो कशाने?

त्या क्षणभरात तुमचा फोन एक फेरी मारून आलेला असतो. पत्ता पेस्ट होताच व्हॉट्सअॅपच्या लक्षात येतं की ही लिंक आहे. तुम्हाला काही न विचारता ते त्या पत्त्यावर जातं, पानाचा मजकूर मागवतं, त्यातल्या ठरावीक ओळी वाचतं, तिथे ज्या चित्राचा पत्ता दिलेला असेल ते चित्र उतरवून घेतं, त्याची छोटी प्रत करतं आणि हे सगळं तुमच्या निरोपाला जोडून ठेवतं. फेरी पूर्ण व्हायच्या आत तुम्ही बटण दाबलंत तर जोडायला काहीच हाताशी नसतं.

म्हणजे ते कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं. घेणाऱ्याचा फोन त्या संकेतस्थळाकडे फिरकतही नाही, त्याला कार्ड तयारच मिळतं. ही बाब नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या बऱ्याच भानगडी इथूनच सुरू होतात.

आता तो फोन पानावर जाऊन नेमकं काय वाचतो? आपण वाचतो ते नव्हे. प्रत्येक वेबपानाला दोन भाग असतात. एक आपल्याला दिसणारा. दुसरा त्याच्या आधी येणारा, ब्राउझर आणि इतर यंत्रांसाठी लिहिलेला, ज्याला वेबवाले ‘हेड’ म्हणतात. कार्डासाठीची माहिती या हेडमध्ये असते. रहाटावरच्या एखाद्या लेखाच्या पानात ती साधारण अशी दिसेल:

```html
<meta property="og:title" content="शेवटचा रहाट">
<meta property="og:type" content="article">
<meta property="og:image"
      content="https://example.com/chitre/rahat.jpg">
<meta property="og:url"
      content="https://example.com/lekh/rahat">
<meta property="og:description"
      content="आगरातल्या विहिरीवरचा रहाट बंद पडला, त्याची गोष्ट.">
```

हेच ते ओपन ग्राफ टॅग. वाचायला अजिबात अवघड नाहीत. `og:title` म्हणजे मथळा, `og:image` म्हणजे चित्राचा पत्ता, `og:description` म्हणजे खालच्या दोन ओळी. `og:url` जरा वेगळा आहे. एकच लेख अनेक पत्त्यांवरून उघडू शकतो, कधी मोबाइलच्या पत्त्यावरून, कधी शेवटी लांबलचक शेपूट लागलेल्या पत्त्यावरून. त्यातला खरा, अधिकृत पत्ता कोणता, हे `og:url` सांगतो. आणि `og:type` सांगतो की हे पान लेख आहे, चित्रपट आहे, पुस्तक आहे की आणखी काही.

हा शेवटचा टॅग बघून कुणालाही प्रश्न पडेल की कार्ड दाखवायला याची गरज काय? आज खरोखरच फारशी नाही. पण त्यामागे इतिहास आहे. फेसबुकने ओपन ग्राफ एप्रिल 2010मध्ये आपल्या एफ8 परिषदेत जाहीर केला. बाहेरच्या संकेतस्थळांवर बसवायचं ‘लाइक’ बटणही तेव्हाच आलं. फेसबुकला नुसती सुबक कार्डं नको होती. जगातलं प्रत्येक पान म्हणजे एक वस्तू, आणि कोणत्या माणसाला कोणती वस्तू आवडते याचं जाळं आपल्याकडे असावं, ही त्यामागची महत्त्वाकांक्षा होती. ओपन ग्राफच्या अधिकृत पानावर उदाहरण म्हणून आजही ‘द रॉक’ या हॉलिवूडपटाचं आयएमडीबीवरचं पान दिलेलं आहे, आणि त्याचा प्रकार ‘चित्रपट’ असा नोंदवलेला आहे. तुम्ही त्या पानावर लाइक केलंत, तर फेसबुकला कळावं की तुम्हाला नुसती एक लिंक नाही, एक सिनेमा आवडला.

ते जाळं विणण्याचा बेत पुढे वेगवेगळ्या वळणांनी गेला. टिकलं ते त्याचं किरकोळ वाटणारं उपांग, म्हणजे कार्ड. त्याआधी फेसबुक पानाचा मथळा, असेल तर वर्णन, आणि पानावरचं एखादं चित्र असं अंदाजाने उचलायचं. अंदाज चुकला की लेखाशेजारी भलतंच चित्र. ओपन ग्राफने हा अंदाज संपवला आणि पानाच्या मालकाला सांगितलं, तुला काय दाखवायचंय ते तूच लिही. चार टॅग आवश्यक ठरले, मथळा, प्रकार, चित्र आणि पत्ता. बाकीचे ऐच्छिक. सगळ्या संकेतस्थळांना फेसबुकवर नीट दिसायचंच होतं, त्यामुळे त्यांनी हे टॅग भराभर लिहिले. आणि एकदा ते सगळीकडे लिहिलेले आहेत म्हटल्यावर व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, स्लॅक, लिंक्डइन, आयफोनचं मेसेजेस, सगळ्यांनी तेच वाचायला सुरुवात केली. ट्विटरने 2012मध्ये स्वतःचे वेगळे टॅग आणले, पण ते नसतील तर तेही मुकाट्याने `og:` वाचतं.

कागदावर हे इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या ओळखीच्या एका दिवाळी अंकाच्या निमित्ताने जवळून बघता आलं. अंकाने निवडक लेख संकेतस्थळावर टाकले होते. संपादकांनी रहाटावरच्या लेखाची लिंक लेखकांच्या गटात पाठवली. कार्डावर लेखाचं नावच नव्हतं, होतं फक्त अंकाचं नाव, आणि चित्राची जागा रिकामी. फेसबुकवर टाकली तर चित्र आलं, पण ते पानावर शेजारी लागलेल्या एका बँकेच्या जाहिरातीचं.

“अहो, रहाटावरच्या लेखाला गृहकर्जाचं चित्र?” संपादकांचा फोन आला. “लेखक माझ्यावर उखडलेत. त्यांना वाटतंय आम्ही मुद्दाम केलं.”

मुद्दाम कुणीच काही केलं नव्हतं. लेखाच्या पानावर ओपन ग्राफचे टॅगच नव्हते. टॅग नसले तरी अॅप हात टेकत नाही, जे सापडेल ते उचलतं. मथळ्यासाठी पानाचं जुनं साधं शीर्षक घेतं, तेच जे ब्राउझरच्या टॅबवर दिसतं. ते संकेतस्थळाच्या साच्यात सगळ्या पानांना एकच होतं, अंकाचं नाव. चित्राच्या बाबतीत दोन अॅपची रीत वेगळी पडली. व्हॉट्सअॅपने चित्र सोडून दिलं. फेसबुकने पानावर धुंडाळून एक मोठंसं चित्र घेतलं, आणि पानावरचं सगळ्यात ऐसपैस चित्र बँकेचं होतं.

संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाला सांगितलं. त्याने तासाभरात कळवलं, “टॅग टाकलेत, बघा.” कार्ड मात्र जसंच्या तसं. त्याच्या संगणकावर पानाची तपासणी केली की टॅग डोळ्यांना दिसत होते, आणि अॅपला ते दिसत नव्हते. तो चक्रावला होता, आणि ही गोम अशी आहे की भलेभले चक्रावतात.

आजची बरीच संकेतस्थळं पान दोन टप्प्यांत देतात. सर्व्हरकडून आधी येतो तो जवळजवळ रिकामा सांगाडा. त्याबरोबर जावास्क्रिप्टचा एक प्रोग्रॅम येतो, तो ब्राउझरमध्ये चालतो आणि मग सांगाड्यात लेख, चित्रं, मथळा असं सगळं भरतो. आपल्याला हे दोन टप्पे जाणवत नाहीत. पण कार्डासाठी गेलेली यंत्रं सहसा प्रोग्रॅम चालवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. टपाल देणारा जसा दारावरची पाटी वाचून पुढच्या घराकडे वळतो, आत घरात काय मांडलंय ते बघत नाही, तशी ही यंत्रं पहिला सांगाडा वाचतात आणि निघतात. त्या मुलाने टॅग टाकले होते खरे, पण प्रोग्रॅमच्या हातून, दुसऱ्या टप्प्यात.

हे ओळखायची एक खूण आहे, आणि ती कुणालाही संगणकावर करून बघता येते. ब्राउझरमध्ये पान उघडून Ctrl आणि U दाबा. सर्व्हरकडून आलेला कच्चा मजकूर जसाच्या तसा समोर येतो. त्यात Ctrl-F करून `og:` शोधा. इथे टॅग असतील तर अॅपलाही मिळतील. उजवं बटण दाबून ‘Inspect’ केल्यावर जे दिसतं ते फसवं असतं, कारण ते प्रोग्रॅम चालून गेल्यानंतरचं पान असतं. तो मुलगा नेमकं हेच दुसरं बघत होता. मग त्याने प्रत्येक लेखाचे टॅग सर्व्हरवरच भरून पाठवायची सोय केली, आणि मथळा आला.

चित्र मात्र आलं नाही. `og:image`मध्ये त्याने `/chitre/rahat.jpg` एवढंच लिहिलं होतं. ब्राउझरला असा अर्धा पत्ता पुरतो, कारण आपण कोणत्या संकेतस्थळावर आहोत हे त्याला माहीत असतं. कार्ड बनवणाऱ्यांवर तो भरवसा ठेवता येत नाही, त्यांना `https://`पासून पुढे अख्खा पत्ता द्यावा लागतो. तो दिल्यावर फेसबुकवर रहाटाचं चित्र झळकलं, बँक गेली. व्हॉट्सअॅपवर अजूनही जागा रिकामीच.

याचं कारण वजन. छायाचित्रकाराने दिलेलं मूळ छायाचित्र, काही एमबींचं, तसंच चढवलेलं होतं. फेसबुकची यंत्रं सर्व्हरवर चालतात आणि 8 एमबीपर्यंतचं चित्र घेतात. व्हॉट्सअॅपचं काम कुणाच्या तरी फोनवर, त्याच्या डेटा पॅकवर चालतं, त्यामुळे तिथे हात आखडता असतो. चित्र काहीशे केबींच्या आत असावं लागतं, नाहीतर ते चित्राशिवायच कार्ड बनवून मोकळं होतं. तक्रार करत नाही, चुकीचा संदेश दाखवत नाही. त्यामुळे ‘फेसबुकवर दिसतं आणि व्हॉट्सअॅपवर दिसत नाही’ असं कुणी म्हणालं, की आधी चित्राचं वजन बघावं. रहाटाचं चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचं करून जेपीजीमध्ये साठवलं, दीडशे केबीच्या आसपास आलं, आणि व्हॉट्सअॅपवर तत्काळ दिसलं.

हा 1200 बाय 630चा आकडा फेसबुकच्या शिफारशीतून आला आणि सर्वांनी पत्करला. रुंदी उंचीच्या दुपटीला जराशी कमी, असा आडवा आकार. दिवाळी अंकाची मुखपृष्ठं असतात उभी. उभं मुखपृष्ठ `og:image` म्हणून दिलं तर आडव्या चौकटीत बसवताना वरचा आणि खालचा भाग उडतो. वर असतं अंकाचं नाव आणि खाली वर्ष. म्हणजे जे दाखवायचं तेच कापलं जातं आणि मधोमध उरतो मुखपृष्ठावरच्या बाईंचा पदर. पुस्तक प्रकाशकांच्या लिंकांवर हे दृश्य नेहमीचं आहे. उपाय साधा आहे, आडव्या पार्श्वभूमीवर मुखपृष्ठ छोटं करून ठेवायचं, पण त्यासाठी कुणीतरी वेगळं चित्र बनवावं लागतं आणि तिथे कंटाळा आडवा येतो.

कंटाळ्यावर उपाय म्हणून अशी चित्रं आपोआप बनवण्याची साधनं निघाली आहेत. लेखाचा मथळा द्या, ती तो छानशा पार्श्वभूमीवर अक्षरांत काढून देतात. इंग्रजीला ती फक्कड चालतात. मराठी मथळा दिला की काही साधनांचा घोटाळा होतो. चित्रात अक्षरं काढणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला जोडाक्षर कसं जुळवायचं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते, हे ठाऊक नसतं. मग ‘विश्व’मधली वेलांटी ‘व’च्या पलीकडे जाऊन पडते आणि ‘श्व’च्या जागी पाय मोडलेला ‘श्’ नि सुटा ‘व’ दिसतो. ते चित्र असल्यामुळे फोनमध्ये कितीही चांगला मराठी फाँट असला तरी काही सुधारत नाही. मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी अशा साधनाला पहिल्यांदा जोडाक्षरांनी खच्चून भरलेला मथळा देऊन बघावा, काय ते लगेच कळतं.

मथळ्याच्या जागी ‘à¤®’ अशी चिन्हांची जत्रा दिसली, तर मात्र दोष चित्राचा नाही. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-8 या रीतीत ‘म’सारखं देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. हा मजकूर यूटीएफ-8 आहे असं पानाने स्पष्ट सांगितलं नसेल, तर वाचणारं यंत्र प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतं आणि एका ‘म’ची तीन परदेशी चिन्हं होतात. हेडमध्ये अगदी वर `<meta charset="utf-8">` ही एक ओळ असली की हे टळतं.

आपल्या संपादकांची गोष्ट अजून संपलेली नव्हती. सगळं दुरुस्त झालं, तरी आठवड्यापूर्वी गटात पाठवलेल्या निरोपात जुनंच कार्ड दिसत होतं. “आता तेही बदला ना,” ते म्हणाले. ते बदलता येत नाही. व्हॉट्सअॅपवरचं कार्ड हे पाठवण्याच्या क्षणी निरोपात बांधून गेलेलं असतं. निरोप टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, कंपनीलाही न वाचता येणारा, आणि तो एव्हाना सगळ्यांच्या फोनवर जाऊन बसलेला. मूळ पान पुसून टाकलं तरी कार्ड तिथे राहणार. बातमी मागे घेतली, मथळा बदलला, तरी जुन्या निरोपांत जुना मथळा तसाच फिरत राहतो. वर्तमानपत्रांनी मथळा घाईत टाकताना हे लक्षात घ्यायला हवं, आणि वाचकांनीही. कार्डावरचा मथळा आणि उघडल्यावर दिसणारा मथळा वेगळा असेल, तर दर वेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. मधल्या वेळात मथळा सुधारलेला असू शकतो.

फेसबुकचं वेगळं आहे. तिथे पानावर जाते ती फेसबुकची यंत्रणा, आणि ती एकदा आणलेली माहिती साठवून ठेवते. पुढे हजार जणांनी तीच लिंक टाकली तरी साठवलेलंच कार्ड दाखवते. टॅग दुरुस्त केल्यावर तिला मुद्दाम पुन्हा पाठवावं लागतं. त्यासाठी फेसबुकचं Sharing Debugger नावाचं पान आहे. तिथे पत्ता टाकून ‘Scrape Again’ दाबलं की ती नव्याने फेरी मारते, आणि काय सापडलं, काय खटकलं तेही सांगते. लिंक्डइनचं असंच Post Inspector आहे, तर टेलिग्रामवर @WebpageBot या खात्याला लिंक पाठवली की ते कार्ड ताजं करून देतं. व्हॉट्सअॅपला असं काही नाही, असण्याचं कारणही नाही, कारण तिथे एकच साठवण नसून लाखो फोन आहेत. लिंकच्या शेवटी `?v=2` असं काहीतरी जोडून पाठवली, तर फोन तो नवा पत्ता समजून पुन्हा जातो, ही तिथली लोकांनी काढलेली पळवाट. फेसबुकवर ती चालत नाही. तिथे `og:url` आड येतो. शेपूट कोणतंही लावा, पान स्वतःच सांगतं की माझा खरा पत्ता अमुक आहे, आणि फेसबुक त्या खऱ्या पत्त्याची माहिती काढतं. याच कारणाने, साच्यात चुकून सगळ्या पानांना `og:url` म्हणून मुखपृष्ठाचा पत्ता गेला, तर फेसबुकवर कोणत्याही लेखाची लिंक टाका, कार्ड मुखपृष्ठाचंच येतं.

पाहायला कोण जातं, फोन की कंपनीचा सर्व्हर, या फरकाचे परिणाम कार्डाच्या दिसण्यापुरते थांबत नाहीत. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर कोण आलं-गेलं याची नोंद राहते. फेसबुकचं यंत्र आलं तर तिथे `facebookexternalhit` असं नाव उमटतं, स्लॅकचं आलं तर `Slackbot-LinkExpanding`. या नोंदीत पत्ता असतो तो कंपनीच्या सर्व्हरचा, त्यामुळे लिंक कुणी टाकली ते कळत नाही. व्हॉट्सअॅपच्या बाबतीत नोंदीत `WhatsApp/2.` अशी सुरुवात असलेलं नाव येतं, पण त्याबरोबर आयपी पत्ता येतो तो पाठवणाऱ्याच्या फोनचा. तुम्ही लिंक नुसती पेस्ट केली, मग विचार बदलून खोडली, तरी ती भेट नोंदली गेलेली असू शकते. दुसऱ्या पारड्यात हेही टाकायला हवं की, सर्व्हरवाल्या पद्धतीत तुम्ही खाजगी गप्पांत कोणती लिंक पाठवलीत हे कंपनीला समजतं. तलाल हज बकरी आणि टॉमी मिस्क या दोन संशोधकांनी 2020मध्ये अनेक अॅपची याच अंगाने तपासणी केली. इन्स्टाग्राम आणि मेसेंजरचे सर्व्हर कार्डाच्या निमित्ताने लिंकमागची फाइल, कितीही मोठी असली तरी, अख्खी उतरवून घेत असल्याचं त्यांना आढळलं. त्यांनी ठेवलेली फाइल 2.6 जीबीची होती. माझ्या मते या दोन्हींत फोनची पद्धत कमी वाईट. पण ‘काहीच उघड होत नाही’ असं तिच्याबद्दलही म्हणता येणार नाही.

आणखी एक गंमत एकदाच चालणाऱ्या लिंकांची. पासवर्ड बदलण्यासाठी किंवा थेट आत शिरण्यासाठी ईमेलवर लिंक येते, आणि ती पहिल्यांदा उघडली की बाद होते. अशी लिंक कुणी सहकाऱ्याला चॅटवर पाठवली, की माणसाआधी यंत्र जाऊन ती उघडून येतं. सहकारी दाबतो तेव्हा ‘लिंकची मुदत संपली’. म्हणून शहाणी संकेतस्थळं आता नुसती लिंक उघडल्याने काही होऊ देत नाहीत, उघडल्यावर एक बटण दाबायला लावतात. यंत्र बटण दाबत नाही.

यंत्राकडे तुमचं लॉग-इनही नसतं. तुम्हाला ब्राउझरमध्ये दिसणारं खाजगी कागदपत्र त्याला दिसत नाही, त्याला दिसतं प्रवेशद्वाराचं पान. म्हणून अशा लिंकचं कार्ड ‘साइन इन करा’ असं काहीतरी सांगतं. यात बिघाड काही नाही, उलट कुलूप लागलेलं आहे याची ती पावती आहे. तुमच्या सोसायटीच्या हिशेबाच्या कागदाची लिंक गटात टाकलीत आणि कार्डावर आतले आकडेच दिसले, तर मात्र काळजी करावी. त्याचा अर्थ, तो कागद लिंक मिळालेल्या कुणालाही, लॉग-इन न करता, उघडतो आहे.

मुळात हे सगळे टॅग म्हणजे पानाच्या मालकाने स्वतःबद्दल केलेलं विधान आहे. ते खरं आहे का, हे कार्ड बनवताना कुणी पडताळत नाही. मथळा ‘सरकारी योजना, आजच अर्ज करा’, चित्र राजमुद्रेचं, आणि पान कुणा भामट्याचं, असं सहज करता येतं. त्यासाठी वर दाखवलेल्या पाच ओळी पुरतात. त्याहून पुढची युक्तीही आहे. यंत्र येतं तेव्हा आपलं नाव सांगतच येतं, हे आपण पाहिलं. सर्व्हर ते नाव बघून यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं पान देऊ शकतो. `og:url`चाही असा गैरवापर झाला. लिंक एकीकडची असताना `og:url`मध्ये यूट्यूबचा पत्ता लिहून कार्डावर यूट्यूबचं नाव दाखवता येतं, हे 2017मध्ये एका सुरक्षा संशोधकाने फेसबुकवर करून दाखवलं होतं. म्हणून अनोळखी लिंकच्या बाबतीत कार्ड वाचण्यापेक्षा खालचा पत्ता वाचावा, आणि त्यातही पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा भाग. `https://`नंतर जी पहिली `/` येते तिच्या लगेच आधी `.gov.in` असेल तर ते सरकारी. `gov.in` पत्त्याच्या मध्येच कुठेतरी असेल आणि रेघेच्या आधी दुसरंच काही असेल, तर नाही. कार्ड कितीही राजमुद्रेने मढवलेलं असो.

मालकाचा शब्दही अखेरचा नसतो. टॅगमधलं काय दाखवायचं, किती दाखवायचं, कुठे कापायचं हे अॅप ठरवतं. ऑक्टोबर 2023मध्ये एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, बातम्यांच्या कार्डांवरून मथळेच काढून टाकले. चित्र आणि कोपऱ्यात संकेतस्थळाचं नाव, एवढंच ठेवलं. हा आपलाच निर्णय असून त्याने दिसायला बरं वाटेल, असं इलॉन मस्क यांचं म्हणणं होतं. जगभरच्या वृत्तपत्रांचे `og:title` जागच्या जागी होते, वाचणारी यंत्रणाही चालू होती, फक्त ते दाखवायचे नाहीत असं ठरलं. वाचकाला कळेना की हे नुसतं चित्र आहे की मागे बातमी आहे. पुढे मथळे परतले, पण चित्रावर, बारीक अक्षरांत.

व्हॉट्सअॅपवर आपल्या फोनने अशा फेऱ्या मारूच नयेत असं वाटत असेल, तर सेटिंगमध्ये Privacyच्या आत Advanced आहे, तिथे Disable link previews हा पर्याय मिळतो. तो चालू केल्यावर तुम्ही पाठवलेल्या लिंका कार्डाविना जातात आणि तुमचा आयपी पत्ता त्या संकेतस्थळांना असा आपोआप मिळत नाही. इतरांकडून तुम्हाला येणारी कार्डं मात्र येतच राहतात, ती त्यांच्या फोनवर बनलेली असतात.